एकच मजकूर पुन्हा पुन्हा लिहिला की काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात गेली बरीच वर्षं मी मजकूर तपासण्याचं काम करते. स्मरणिका, माहितीपत्रकं, प्रदर्शनाचे फलक, संस्थांचे अहवाल असं सगळं येतं. माझ्याकडे येईपर्यंत बहुतेक मजकूर चार-पाच हातांतून फिरलेला असतो. तो देताना ‘सगळ्यांनी बघितलंय, आता फक्त शुद्धलेखन बघा,’ असं सांगितलं जातं. मी वाचायला घेते आणि लक्षात येतं की शुद्धलेखन ठीक आहे, पण मुळात जे सांगायचं होतं तेच आता कागदावर राहिलेलं नाही. यावर लोक मला जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

पुन्हा लिहिल्याने मजकूर सुधारतो असंच आम्ही शिकलो. ते चूक आहे का?

चूक नाही. पहिल्या एक-दोन फेऱ्यांत मजकूर खरोखर सुधारतो. लिहिताना सुटलेलं सापडतं, लांबलेली वाक्यं आवरतात, क्रम लागतो. त्या फेऱ्या करताना विषय डोक्यात ताजा असतो. आपण मजकुराकडे बघतो आणि ज्याबद्दल लिहिलं आहे त्याच्याकडेही बघतो. पुढच्या फेऱ्यांत ही दुसरी नजर सुटते आणि समोर फक्त मजकूर उरतो. बिघाडाची सुरुवात तिथे होते.

एखादं खरं उदाहरण दाखवाल का?

पेठेतल्या एका मंडळाने गणेशोत्सवात पुण्याच्या जुन्या पाणीपुरवठ्यावर छोटं प्रदर्शन लावायचं ठरवलं. एका फलकावर कात्रजच्या नळाची माहिती द्यायची होती आणि मर्यादा होती ५० शब्दांची. पहिला मसुदा मंडळातल्या एका निवृत्त अभियंता काकांनी लिहिला. तो असा होता:

> अठराव्या शतकाच्या मध्याला, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावातलं पाणी जमिनीखालच्या दगडी नळातून शहरात आणलं गेलं. पाणी उताराने यायचं. कुठे उपसावं लागायचं नाही. नळात कोंडलेली हवा निघून जावी आणि आत उतरून गाळ काढता यावा म्हणून वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले होते. पाणी पेठांमधल्या हौदांत पडायचं आणि बहुतेक लोक तिथूनच घागरी भरून न्यायचे. नळाचा काही भाग अजून शाबूत असावा.

हे ५६ शब्द आहेत, म्हणजे मर्यादेपेक्षा फक्त सहा जास्त. त्यानंतर तो सहा वेळा पुन्हा लिहिला गेला. दर वेळी माणूस वेगळा होता आणि प्रत्येकाच्या हातात आधीच्याचा कागद होता. फ्लेक्सवाल्याकडे जायच्या आदल्या दिवशी तो असा दिसत होता:

> पेशवेकालीन पुण्यात नानासाहेब पेशवे यांनी उभारलेल्या भूमिगत जलवाहिनीच्या माध्यमातून कात्रज तलावातील जल नागरिकांना घरोघरी उपलब्ध करून देण्यात आले. त्यामुळे ठिकठिकाणी झरोक्यांची व्यवस्था करण्यात आलेले होते. सदर जलवाहिनी आजही सुस्थितीत आहे.

हे ३० शब्द आहेत. वीस शब्दांची जागा रिकामी ठेवून सगळा अर्थ गेला. बिघाड पहिल्यांदा पकडला तो एका आजींनी. त्या पाणी द्यायला आल्या होत्या. फलकाची छापील प्रत टेबलावर होती ती त्यांनी वाचली आणि म्हणाल्या, ‘घरोघरी कुठलं पाणी? आमच्या आजेसासूबाई हौदावरून घागरी आणायच्या.’

सहा फेऱ्यांत नेमकं काय झालं? कोणी मुद्दाम बिघडवलं का?

कोणीच नाही. प्रत्येकाकडे स्वतःचं योग्य कारण होतं, आणि म्हणूनच हे उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं.

पहिल्या फेरीत ‘यायचं’, ‘न्यायचे’ ही बोलीतली रूपं जाऊन ‘येत असे’, ‘नेत’ अशी लेखी रूपं आली. फलकासाठी ते बरोबर होतं आणि अर्थही कुठे हलला नाही.

दुसऱ्या फेरीत शब्द कमी करायचे होते. ‘कुठे उपसावं लागायचं नाही’ हे गेलं, कारण ते ‘उताराने’मध्ये आलंच आहे असं वाटलं. ‘आत उतरून गाळ काढता यावा’ हेही गेलं. हवेचं वाक्य तोडून दोन छोटी वाक्यं केली: ‘नळात हवा कोंडत असे. त्यामुळे ठिकठिकाणी उच्छ्वास बांधण्यात आलेले होते.’ शेवटच्या वाक्यात ‘शाबूत असावा’चं ‘शाबूत आहे’ झालं. त्यात शब्द एकही वाचला नाही, पण वाक्य ठाम वाटू लागलं.

तिसऱ्या फेरीतल्या मुलीला ‘उच्छ्वास’ हा शब्द कळला नाही. कळणार कसा? गाळ काढायला आत उतरायची वाट हा त्याचा अर्धा खुलासा दुसऱ्या फेरीत कापला गेला होता. तिने ‘झरोके’ लिहिलं. झरोका म्हटलं की भिंतीतली खिडकी डोळ्यांपुढे येते, जमिनीखालच्या नळावर बांधलेलं हवेचं तोंड येत नाही. एक शब्द पडला म्हणून दुसरा बदलावा लागला, हे इथे स्पष्ट दिसतं.

चौथी फेरी माझी होती. मंडळाच्या गडबडीत मी घाईने नजर फिरवली. ‘पाणी’ तीन वेळा आणि ‘नळ’ही तीन वेळा आलेलं खटकलं, म्हणून एका ठिकाणी ‘जल’ केलं आणि ‘दगडी नळ’च्या जागी ‘भूमिगत जलवाहिनी’ आणली. नळ दगडी होता ही गोष्ट माझ्या हातून गेली आणि ते तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

पाचव्या फेरीत ‘नळात हवा कोंडत असे’ हे वाक्य अनावश्यक वाटून निघालं. पुढच्या वाक्यातलं ‘त्यामुळे’ मात्र तसंच राहिलं. हौदांचं वाक्य आटून ‘नागरिकांना पाणी मिळत असे’ एवढंच उरलं.

सहाव्याने ते वाचलं. नागरिकांना पाणी मिळतं म्हणजे कुठे मिळतं, हे वाक्यात नव्हतं. त्याने आजच्या अनुभवातून भर घातली, ‘घरोघरी’. ‘काही भाग’मधलं ‘काही’ केव्हाच गळलं होतं, म्हणून ‘शाबूत’चं ‘सुस्थितीत’ झालं. भाषा भारदस्त करायची म्हणून ‘माध्यमातून’, ‘उपलब्ध करून देण्यात आले’, ‘सदर’ हे शब्द आले.

काकांच्या मसुद्यात मी सुट्या गोष्टी मोजल्या तेव्हा पंधरा भरल्या: काळ, पेशवे, कात्रज, जमिनीखालून, दगडी, उतार, उपसा नाही, हवा, गाळ, उच्छ्वास, हौद, बहुतेक लोक, तिथूनच घागरी, काही भाग आणि ‘असावा’. शेवटच्या मजकुरात जेमतेम चार टिकल्या, त्यातही काळ पुसट झाला. दोन नव्या शिरल्या, घरोघरी आणि सुस्थितीत. त्या दोन्ही कोणी शोधून काढलेल्या नव्हत्या.

प्रत्येक बदल लहान आणि योग्य होता, तर एकूण मजकूर इतका कसा घसरला?

कारण प्रत्येक जण आधीच्या कागदाला मूळ समजून काम करत होता. तिसरीला पहिला मसुदा माहीत नव्हता, तिच्यासाठी दुसऱ्याचा कागद हेच सत्य होतं. दोन लागोपाठच्या कागदांत फरक इतका थोडा असतो की कोणालाही काही बिघडल्याचं जाणवत नाही. पहिला आणि सातवा कागद शेजारी ठेवला तरच तो अंगावर येतो.

घसरण एकाच दिशेने होते, हे दुसरं कारण. चुका इकडे-तिकडे होऊन एकमेकींना खोडतील असं आपण गृहीत धरतो, पण तसं होत नाही. कागदावरून एकदा गळलेली गोष्ट पुढच्याला कागदातून परत मिळूच शकत नाही. ‘दगडी’ हा शब्द गेल्यावर पाचवा माणूस कितीही हुशार असला तरी तो शब्द वाक्यातून उगवणार नाही. त्या रिकाम्या जागी तो स्वतःच्या माहितीतलं काहीतरी भरेल, आणि ते बहुधा आजचं, नेहमीचं, सगळ्यांना सवयीचं असेल. त्यामुळे वेगळेपण गळतं आणि सवयीचं साचत जातं.

फेऱ्यांचा हिशेबही करून बघण्यासारखा आहे. समजा, प्रत्येक फेरी खूप काळजीपूर्वक झाली आणि १०० बारकाव्यांपैकी ९५ टिकले. पुढची फेरी त्या ९५ चे ९५ टक्के ठेवते, त्यापुढची त्यातले. दहा फेऱ्यांनंतर सुमारे ६० उरतात. दर फेरीला आपण ‘पाचच तर गेले’ म्हणत असतो आणि शेवटी चाळीस गेलेले असतात. हे आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत. आमच्या फलकावर गळती याहून कितीतरी जोरात झाली.

केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट या मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली असाच एक प्रयोग मांडला होता. अनोळखी संस्कृतीतली गोष्ट एकाने वाचून आठवणीतून लिहायची, त्याचं लिखाण दुसऱ्याने वाचून लिहायचं, अशी साखळी. गोष्ट आखूड होत गेली, विचित्र वाटणारे तपशील गळले आणि उरलेले तपशील वाचणाऱ्यांच्या ओळखीच्या जगात बसतील असे बदलत गेले. तिथे आठवण मध्ये होती, आमच्यासमोर तर कागद होता. तरीही ‘उच्छ्वास’चा ‘झरोका’ झाला आणि हौदाचं घर झालं.

अवघड शब्दाच्या जागी सोपा शब्द घालणं चुकीचं आहे का?

शब्द अवघड का आहे यावर ते अवलंबून आहे. लिहिणाऱ्याने उगाच जड शब्द वापरला असेल तर तो जरूर काढावा. पण तो शब्द म्हणजे त्या वस्तूचं नावच असेल तर बदलताना वस्तूही बदलते. ‘उच्छ्वास’ हे त्या बांधकामाचं नाव आहे. वाचकाला ते माहीत नसेल तर नाव ठेवून खुलासा द्यायचा. काकांनी तेच केलं होतं. हवा निघावी आणि आत उतरता यावं म्हणून उच्छ्वास, या वाक्यातच अर्थ सांगितलेला होता.

या बाबतीत पुण्याजवळ फार मोठा अनुभव आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ साली सुरू झालं आणि १९६६ साली पुरं झालं. काश्मीरच्या शारदा लिपीपासून केरळच्या मल्याळम लिपीपर्यंतची हस्तलिखितं शेजारी ठेवून, कोणता पाठ, म्हणजे ओळीतली कोणती शब्दरचना, जुनी असावी, हे ओळीओळीने ठरवलं गेलं. पाठचिकित्सेत एक नियम नेहमी कामाला येतो. दोन पाठांपैकी एक अवघड आणि एक सोपा असेल, तर सहसा अवघड पाठ जुना धरावा. नक्कल करणारा न कळलेल्या शब्दाच्या जागी कळणारा शब्द घालतो, पण चांगल्या कळणाऱ्या शब्दाच्या जागी मुद्दाम अवघड शब्द तो सहसा घालत नाही.

मजकूर तपासताना मी हाच नियम उलट्या दिशेने वापरते. एखाद्या माहितीच्या मजकुरात एकही अपरिचित शब्द नसेल, सगळं गुळगुळीत असेल, तर मी पहिला मसुदा मागते.

पूर्वी हाताने नकला व्हायच्या तेव्हाही हीच अडचण होती का?

होती, आणि ती ओळखणारे लोकही होते. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत नकला होता होता चुकीचे पाठ शिरले, म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, वेगवेगळ्या पाठांचा शोध घेऊन शुद्ध प्रत तयार केली. आजही उपाय तोच आहे. शेवटच्या प्रतीवर रंगसफेदी करत बसण्यापेक्षा मुळाच्या जास्तीत जास्त जवळ जायचं.

सगळ्यात आधी काय गळतं?

मोठी माहिती सहसा शेवटपर्यंत टिकते. आमच्या फलकावरही कात्रज आणि नानासाहेब टिकलेच. आधी जातात ते लहान शब्द, आणि मराठीत फार मोठा अर्थ त्यांच्यातच असतो.

‘असावा’ घ्या. ‘भाग शाबूत असावा’ म्हणजे लिहिणाऱ्याला तसं वाटतं, पण खात्री नाही. ‘आहे’ म्हटलं की ती पाहून सांगितलेली गोष्ट होते. ‘काही भाग’मधलं ‘काही’ गेलं की अख्खा नळ शाबूत होतो. ‘बहुतेक लोक’ काकांनी विचार करून लिहिलं होतं. शनिवारवाड्यात नळाचं पाणी थेट पोहोचत होतं, त्यामुळे सगळेच हौदावर जात होते असं म्हणता येत नव्हतं. ‘तिथूनच’मधला ‘च’ तर एका अक्षराचा. पाणी मिळायची जागा ती, घर नव्हे, एवढं सगळं तो ‘च’ सांगत होता. तो गेला आणि ‘घरोघरी’ला जागा झाली.

काळाचंही तसंच आहे. ‘पाणी येत असे’ म्हणजे वर्षानुवर्षं येत राहिलं. ‘पाणी उपलब्ध करून देण्यात आले’ म्हणजे एकदा घडलेली, एखाद्या उद्घाटनासारखी गोष्ट. रोजचा व्यवहार जाऊन तिथे एका दिवसाची घटना येते. मराठीतलं हे ‘येई’, ‘नेत’, ‘पडे’ पुनर्लेखनात फार लवकर मरतं, कारण ते जुनाट वाटतं. ते जाताना सवयीचा अर्थही जातो, याकडे फार कमी जणांचं लक्ष असतं.

अर्थ गळतो हे समजलं. पण भाषा अवघडल्यासारखी का होते? उलट ती घासून नीट व्हायला हवी ना?

एका हाताने एका बैठकीत लिहिलेल्या वाक्यात सगळे भाग एकमेकांना धरून असतात. नंतर एकच शब्द बदलला तर त्याला धरून असलेले बाकीचे भागही बदलावे लागतात, आणि ते राहून जातं.

फलकावरचं ‘झरोक्यांची व्यवस्था करण्यात आलेले होते’ हे वाक्य पाहा. आधी ‘झरोके बांधण्यात आलेले होते’ असं होतं, ते बरोबर होतं. कोणीतरी ‘झरोके बांधण्यात’ एवढं खोडून ‘झरोक्यांची व्यवस्था करण्यात’ लिहिलं. आता क्रियापद ‘व्यवस्था’शी जुळायला हवं, म्हणजे ‘आलेली होती’. पण त्याची नजर बदललेल्या शब्दांवरच होती. मराठीत नामाचं लिंग विशेषणात आणि क्रियापदात उमटतं, त्यामुळे पुल्लिंगी ‘नळ’ जाऊन स्त्रीलिंगी ‘वाहिनी’ आली की वाक्यातल्या दोन-तीन जागा एकदम उघड्या पडतात. माझ्याकडे येणाऱ्या मजकुरात असा विसंवाद दिसला, की तिथे आधी दुसराच शब्द होता हे मी ओळखते. जखमेचा व्रण असावा तसा तो असतो.

दुसरी खूण म्हणजे वाक्यं जोडणारे, पण अनाथ झालेले शब्द. ‘त्यामुळे ठिकठिकाणी झरोके.’ कशामुळे? घरोघरी पाणी दिल्यामुळे? कारणाचं वाक्य कापलं गेलं आणि ‘त्यामुळे’ आता चुकीच्या वाक्याला लटकलं. ‘मात्र’, ‘म्हणून’, ‘तरीही’, ‘हा’, ‘तो’, ‘तिथे’ हे सगळे शब्द मागच्या वाक्यावर उभे असतात. मागचं वाक्य हललं की ते दुसऱ्याच कशाकडे बोट दाखवतात. व्याकरणाने काहीच चुकत नाही, म्हणून शुद्धलेखन बघणाऱ्यालाही ते दिसत नाही.

तिसरी गोष्ट बाजाची. ‘घागरी भरून न्यायचे’ आणि ‘जलवाहिनीच्या माध्यमातून’ ही दोन वेगळ्या तोंडांची भाषा आहे. सहा जणांनी सहा ठिकाणी हात लावला की एका परिच्छेदात कचेरीची भाषा, पाठ्यपुस्तकाची भाषा आणि घरची भाषा शेजारी शेजारी बसतात. मोठ्याने वाचताना जीभ अडखळते ती तिथेच.

पुनरुक्ती टाळायच्या सवयीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. माहितीच्या मजकुरात त्याच गोष्टीला तेच नाव पुन्हा यायलाच हवं. पाणी, जल आणि नीर असं लिहिलं तर वाचकाला या तीन वेगळ्या गोष्टी असतील अशी शंका येते. मी केलेला ‘जल’ आजही मला डाचतो.

मी एकटीच लिहिते, मध्ये दुसरं कोणी नसतं. तरी असं होईल का?

होईल, फक्त वेगळ्या वाटेने. तुम्हाला विषय इतका पाठ झालेला असतो की कागदावर नसलेलंही तुम्ही वाचता. हौदाचं वाक्य कापलं तरी तुमच्या डोक्यात हौद भरलेलाच असतो. अर्थ गेल्याचं तुम्हाला कळत नाही, ते वाचकाला कळतं. दुसरं म्हणजे आपलंच वाक्य दहादा वाचलं की ते शिळं वाटू लागतं. ते वाईट झालेलं नसतं, तुम्ही त्याला कंटाळलेल्या असता. वाचक ते पहिल्यांदाच वाचणार आहे. बदल करण्याआधी स्वतःला एवढंच विचारावं, की इथे वाचक अडखळेल, की मीच कंटाळले आहे?

मजकूर घसरलाय हे कसं ओळखायचं?

शेवटचा मसुदा त्याच्या आधीच्याशी ताडून काही कळत नाही. तो थेट पहिल्याशी ताडा. वर्डमध्ये Review खाली Compare आहे, गुगल डॉक्समध्ये Version history आहे. कागदावर काम करत असाल तर दोन्ही कागद शेजारी ठेवून पेन्सिलने खुणा केल्या तरी चालतं. त्यासाठी जुने मसुदे जपून ठेवलेले हवेत. अनेक जण त्याच फाइलवर लिहीत जातात आणि मूळ कायमचं पुसलं जातं.

मग एक परीक्षा घ्या. विषय माहीत नसलेल्या माणसाला मजकूर द्या, काढून घ्या आणि साधे प्रश्न विचारा. आमच्या फलकासाठी ते असे झाले असते: पाणी चढवायला काय करत होते? लोकांना ते कुठे मिळायचं? नळ कशाचा होता? तो आज सगळा आहे का? ‘वाचायला कसं वाटलं?’ हा प्रश्न उपयोगाचा नाही. गुळगुळीत झालेला मजकूर छान वाटला असंच लोक सांगतात.

मग पुन्हा लिहायचं तर कसं?

आम्ही तो फलक दुरुस्त केला तेव्हा शेवटच्या मसुद्याला हात लावला नाही. काकांचा कागद काढला आणि त्यातल्या पंधरा गोष्टी एका वेगळ्या कागदावर एकाखाली एक लिहिल्या. त्या काकांना वाचून दाखवल्या. जागेअभावी यातली एखादी सोडावी लागली तर कोणती सोडायची, हेही त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, ‘उपसा नाही हे सोडा, उतार म्हटलं की कळतं. हौद सोडू नका.’ मग यादीवरून नव्याने लिहिलं:

> अठराव्या शतकाच्या मध्याला, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावातले पाणी जमिनीखालच्या दगडी नळातून पुण्यात येऊ लागले. पाणी उताराने येई. नळातली हवा निघावी आणि आत उतरून गाळ काढता यावा म्हणून वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले होते. पेठांमधल्या हौदांत हे पाणी पडे. बहुतेक लोक तिथूनच घागरी भरून नेत. नळाचा काही भाग अजून शाबूत असावा.

हे बरोबर ५० शब्द झाले. पंधरापैकी चौदा गोष्टी राहिल्या आणि पंधरावी जाणूनबुजून सोडली. मुळात एवढंच काम होतं, सहा शब्द कमी करायचे.

त्या यादीचा कागद मी आता प्रत्येक कामात मजकुराबरोबर फिरवते. पुढचा माणूस आधीचा मसुदा वाचतोच, पण त्याला ताळा करायला यादी मिळते. प्रत्येक फेरीला एकच काम ठरवून देते: लांबी, किंवा माहितीची तपासणी, किंवा शुद्धलेखन. लांबी बघणाऱ्याने शब्द बदलायचे नाहीत. त्याला शब्द खटकला तर समासात प्रश्न लिहायचा. ‘उच्छ्वास म्हणजे काय?’ एवढा प्रश्न तिसऱ्या फेरीतल्या मुलीने लिहिला असता, तर कापलेला खुलासा काकांनी तिथल्या तिथे परत दिला असता.

किती फेऱ्या पुरे?

ठरावीक आकडा नाही. नवी माहिती मिळाली किंवा वाचक बदलला तर आणखी एक फेरी योग्यच आहे. या फेरीत काय दुरुस्त करायचं आहे ते एका वाक्यात सांगता येत नसेल तर ती करू नये. ‘जरा आणखी छान करू’ हे त्याचं उत्तर धरता येत नाही.

मजकूर बिघडलाय आणि मूळ मसुदा हरवलाय. आता काय?

शेवटच्या मसुद्यातून मूळ परत काढायचा प्रयत्न करू नका, कारण त्यात ते नाही. जे गेलं ते अंदाजाने भरलं की आणखी एक ‘घरोघरी’ तयार होतं. पहिला मसुदा लिहिणारी व्यक्ती गाठा आणि तिला कागद न दाखवता विषय तोंडी सांगायला सांगा. कागद दाखवला तर ती त्यातलीच वाक्यं पुन्हा म्हणते. ती बोलत असताना तिचे शब्द तसेच टिपून घ्या, ‘बहुतेक’, ‘असावा’, ‘तिथूनच’ यांच्यासकट. ती व्यक्ती भेटत नसेल तर माहिती ज्या साधनातून आली त्या साधनाकडे जा. तेही हाती नसेल, तर शेवटच्या मसुद्यातल्या ज्या गोष्टींना आधार सापडतो तेवढ्याच ठेवा आणि बाकीच्या काढून टाका. ‘सुस्थितीत आहे’ला आधार सापडला नाही तर ते वाक्य फलकावर जाता कामा नये.